कनेक्शन बंद करायचा तिसरा फोन करायचाय. या वेळी काय तयारी करू?

भिडस्त | ४ मार्च, रात्री ९:१२

घरचं इंटरनेट कनेक्शन बंद करायचंय. घेताना वेबसाइटवर दोन मिनिटांत झालं होतं. बंद करायला मात्र फोनच करावा लागतो, आणि तो फोन मला काही केल्या जमत नाहीये.

पहिला केला नोव्हेंबरमध्ये. चाळीस मिनिटं चालला. समोरची मुलगी इतकी मायेने बोलत होती की तिला 'नाही' म्हणताना मलाच अपराधी वाटायला लागलं. शेवटी तीन महिन्यांची सवलत घेऊन फोन ठेवला आणि ठेवल्या ठेवल्या स्वतःवरच चिडले. दुसरा फोन फेब्रुवारीच्या सुरुवातीला. या वेळी 'तुमची विनंती नोंदवली आहे, ४८ तासांत आमची टीम फोन करेल' असं सांगून एक नंबर दिला. फोन कोणाचा आला नाही. १२ तारखेला बिल मात्र आलं आणि ऑटो-पेने पैसे गेलेसुद्धा.

आता तिसऱ्यांदा करायचाय. फोन करताना जवळ काय काय ठेवू, नेमकं काय बोलू, आणि बोललेलं लावून कसं धरू? माझं टोपणनाव उगाच नाहीये, हे लक्षात घेऊन सांगा.

निवांत_नाना | ४ मार्च, रात्री ९:४०

एवढं कशाला मनाला लावून घेता? बँकेत जाऊन ऑटो-पे बंद करून टाका. पैसे मिळाले नाहीत की दोन महिन्यांत ते स्वतःच लाइन कापतात. मी असंच केलं होतं. एक शब्द बोलावा लागला नाही.

गोधडी | ४ मार्च, रात्री १०:०५

भिडस्त, परतावा मिळवायचा असेल तर कॅन्सल करण्याआधी तिकिटाच्या अटी वाचा. विमान चोवीस तासांच्या आत असेल तर काहीच मिळत नाही असा माझा अनुभव आहे.

भिडस्त | ४ मार्च, रात्री १०:११

गोधडी, तिकीट नाही हो, इंटरनेट :)

गोधडी | ४ मार्च, रात्री १०:१४

अरे देवा. नुसतं शीर्षक वाचून उत्तर दिलं. चालू द्या.

पलीकडचा | ४ मार्च, रात्री ११:२०

साडेचार वर्षं मी त्याच खुर्चीत बसलो आहे. म्हणजे तुम्ही 'बंद करायचंय' म्हणालात की फोन जिकडे वळवतात त्या खुर्चीत. त्या विभागाला रिटेन्शन म्हणतात आणि काम नावातच आहे, ग्राहक धरून ठेवणं. कंपनी बदलली तरी साचा फारसा बदलत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी नानांचं. नाना, तुमचं निम्मं बरोबर आहे. पैसे थांबले की सेवा थांबते, पण करार थांबत नाही. सेवा तोडलेली असते आणि खातं चालूच असतं. थकबाकी वाढते, विलंब आकार चढतो, काही ठिकाणी प्रकरण वसुलीवाल्यांकडे जातं आणि ग्राहकाच्या पतनोंदीवर डाग पडतो. तुमचं निभावलं कारण बहुधा तुमचा प्लॅन आधी पैसे भरायचा होता. तिथे पैसे संपले की विषय संपला. भिडस्त यांचं बिल दरमहा निघतंय, ही दुसरी जात आहे. ऑटो-पे बंद करायचंच, पण शेवटचं बिल बघितल्यावर. आधी नाही.

आता भिडस्त, तुमचा दुसरा फोन. तुम्हाला मिळालेला नंबर खातं बंद करण्याचा नव्हताच. सिस्टिममध्ये दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक असते नोंद: ग्राहकाने अमुक विचारलं, तमुक टीमने फोन करावा. दुसरी असते बंद करण्याची ऑर्डर, जिच्यावर तारीख पडते आणि त्या तारखेला बिलिंग थांबतं. पहिली कोणीही टाकू शकतो आणि कोणी फोन केला नाही तरी ती आपोआप मिटते. तुम्हाला पहिली देऊन वाटेला लावलं. मुद्दाम केलं असेल किंवा त्या माणसाला ऑर्डर टाकायचा अधिकारच नसेल, दोन्ही शक्य आहे.

फरक ओळखायचा कसा? तारखेवरून. ज्या नंबरासोबत 'खातं अमुक तारखेला बंद होईल' हे वाक्य येत नाही, तो नंबर कागदावर लिहून ठेवण्यापलीकडे कामाचा नाही.

आणि एक प्रश्न. नोव्हेंबरमध्ये सवलत घेतलीत तेव्हा ईमेल आला होता का? तो उघडून बघा. सवलतीसोबत मुदत पुन्हा सुरू झालेली असू शकते.

भिडस्त | ५ मार्च, सकाळी ७:५०

रात्रीच शोधला. आला होता, मीच उघडला नव्हता. खाली बारीक अक्षरांत लिहिलंय, 'आपली नवी किमान मुदत १२ महिने, १८ नोव्हेंबरपासून.' माझा मूळ २४ महिन्यांचा करार गेल्या सप्टेंबरमध्येच संपला होता! म्हणजे मी मोकळी होते आणि तीन महिन्यांच्या सवलतीसाठी वर्षभराची बेडी घालून घेतली. फोनवर मुदतीचं एक अक्षरही बोलल्याचं मला आठवत नाही.

ऋचा_के | ५ मार्च, सकाळी ८:३०

माझ्या जिमचं अस्संच झालं. 'दोन महिने फ्रीज करा' म्हणाले, मी हो म्हटलं, आणि ते दोन महिने शेवटाला जोडून सदस्यत्व पुढे ढकललं. वर फ्रीजचे वेगळे पैसे. शेवटी मी तिथे जाऊन काउंटरवर उभी राहिले आणि हलले नाही. तुम्हाला तसं करता नाही का येणार? समोर माणूस असला की बरं पडतं.

भिडस्त | ५ मार्च, सकाळी ८:३६

यांचं कार्यालयच नाही कुठे. फोन, नाहीतर फोन.

टिपकागद | ५ मार्च, सकाळी १०:१५

ताई, मी गेल्या वर्षी दोन खाती बंद केली, दोन्ही एकाच फोनात. बोलण्यात मीही कच्चीच आहे, म्हणून बोलण्याचा भार कागदावर टाकते. माझ्या कागदावर काय असतं ते सांगते.

वर डावीकडे खाते क्रमांक, खातं ज्याच्या नावावर आहे त्याचं पूर्ण नाव जसं बिलावर छापलंय तसं, नोंदवलेला फोन आणि ईमेल, बिलावरचा पत्ता. ओळख पटवायला हेच विचारतात आणि यातलं एक जरी अडलं तरी 'खातेदारालाच बोलावं लागेल' म्हणून फोन संपतो. तुमचं खातं तुमच्याच नावावर आहे ना? नसेल तर ज्याच्या नावावर आहे तो माणूस शेजारी बसलेला हवा. पहिल्या दोन मिनिटांत 'माझ्या वतीने ही बोलेल' एवढं त्याने म्हटलं की बहुतेक ठिकाणी चालतं. ओटीपी येणार असेल तर तो मोबाइल चार्ज करून हाताशी. आणि ज्या फोनवर ओटीपी येतो त्याच फोनवरून बोलत असाल तर स्पीकरवर ठेवून बोला, नाहीतर मेसेज वाचताना माझ्यासारखा फोन कट कराल.

शेजारी शेवटचं बिल. त्यावर बिलाचा कालावधी असतो, तो लाल पेनाने गोल करून ठेवायचा.

उजवीकडचा अर्धा कागद रिकामा. तिथे फोन लागल्याची वेळ, बोलणाऱ्याचं नाव किंवा आयडी, आणि जे जे कबूल होईल ते. नाव सुरुवातीलाच विचारून घ्यायचं. शेवटी विचारलं की वादाचा सूर लागतो.

अगदी खाली, मोठ्या अक्षरांत, एकच वाक्य. ते वाक्य पलीकडचा यांनी सांगावं, माझं फार लांबलचक आहे.

मुक्तछंद | ५ मार्च, दुपारी १२:४०

सरळ सांगायचं, देश सोडून चाललोय. पुढे बोलायला काही राहतच नाही. खोटं बोलल्याचं पाप माझ्या नावावर.

पलीकडचा | ५ मार्च, रात्री ९:३०

मुक्तछंद, हे दिवसातून पाचदा ऐकायचो. आमच्याकडे त्यालाही पान होतं: कधी जाताय, घरात मागे कोण राहणार, त्यांच्या नावावर करून देऊ का, परत येईपर्यंत थांबवून ठेवू का. काही कंपन्या स्थलांतराचा पुरावाही मागतात. मग एका खोट्याला टेकू द्यायला दुसरं खोटं, आणि भिडस्त बाईंचा आवाज तिथेच कापायला लागणार.

यातलं मर्म सांगतो. तुम्ही 'बंद करायचंय' म्हणता, तेव्हा माझ्या स्क्रीनवर पहिला रकाना 'कारण' असा येतो. त्यातला पर्याय निवडला की पुढचं पान उघडतं, आणि त्या पानावर त्या कारणाचं उत्तर तयार असतं. 'महाग पडतं' म्हणालात तर सवलत. 'वापर नाही' म्हणालात तर छोटा प्लॅन किंवा काही महिने स्थगिती. 'दुसरीकडे स्वस्त मिळतंय' म्हणालात तर कोणाकडे, किती वेग, किती मुदत, आणि त्यांच्या प्लॅनमधल्या खोड्या. 'सारखं बंद पडतं' म्हणालात तर उद्या तंत्रज्ञ पाठवतो, तोपर्यंत निर्णय थांबवा. म्हणजे कारण देणं हे सौदा उघडणं आहे. तुम्हाला वाटतं आपण सभ्यपणे माहिती देतोय, आणि इकडे मी पत्ता टाकायला मोकळा होतो.

पण 'कारण सांगणार नाही' असं ठणकावलं तर उगाच ताणतं, कारण रकाना भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. यातून वाट अशी काढायची: 'वैयक्तिक कारण आहे, तुमच्याकडे इतर किंवा अन्य असा पर्याय असेल तर तो टाका.' हे ऐकलं की आम्हाला कळायचं, समोरच्याला माहिती आहे.

टिपकागद यांनी विचारलेलं वाक्य:

'मला हे कनेक्शन बंद करायचं आहे. दुसरी कुठलीही ऑफर नको. बंद करण्याची ऑर्डर टाकून तारीख सांगा.'

प्रत्येक ऑफरनंतर हेच, शब्द न बदलता. शब्द बदलले की समोरच्याला नवीन धागा सापडतो. 'सध्या नको' म्हणालात तर 'मग पुढच्या महिन्यात?' 'तसं बरंय, पण नको' म्हणालात तर 'तसं बरंय' एवढंच माझ्या कानाला लागायचं.

ऑफर पुरी ऐकून घ्या, मध्ये तोडू नका. आमच्या इथे किमान दोन ऑफर वाचल्या नाहीत तर तपासणीत गुण कापायचे. समोरचा माणूस वाचतोय ती त्याची नोकरी आहे. वाचू द्या, संपलं की वाक्य म्हणा. तोडलंत तर तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो आणि फोन लांबतो. दोन, फार तर तीन फेऱ्या होतात. त्यानंतर बहुतेक जण ऑर्डरच्या पानावर येतात, कारण एका फोनला किती मिनिटं लावायची याचाही हिशोब आमच्यावर असायचा.

आणि एक धोक्याचा शब्द, 'हो'. 'मग तीन महिने करून बघायला काय हरकत आहे, हो ना?' याला ओघात 'हं, हो' गेलं की रेकॉर्डिंगवर ती संमती ठरू शकते. नोव्हेंबरमध्ये तुमचं हेच झालं असणार. त्या फोनपुरतं 'हो' फक्त ओळख पटवण्याच्या प्रश्नांना आणि बंद करण्याच्या प्रश्नाला म्हणायचं.

मुक्तछंद | ५ मार्च, रात्री १०:०२

यावरून आठवलं, २०१४ साली अमेरिकेतल्या एका ग्राहकाने केबल कंपनीशी झालेला असाच फोन रेकॉर्ड करून टाकला होता. आठेक मिनिटं तो माणूस 'पण का बंद करताय?' एवढंच घोळवत होता. जगभर गाजलं, कंपनीने माफीही मागितली.

पलीकडचा | ५ मार्च, रात्री १०:१५

आमच्या ट्रेनिंगमध्ये 'असं करू नका' म्हणून ऐकवली होती ती क्लिप. पण त्यात ग्राहकाकडे बघा. तो कारण देत नाही, आवाज चढवत नाही, बंद करा एवढंच म्हणत राहतो. भिडस्त, फोनच्या आदल्या रात्री हवं तर ऐका. आपलं चाळीस मिनिटांचं दुःख एकट्याचं नव्हतं हे कळेल.

निवांत_नाना | ६ मार्च, सकाळी ६:५५

माझा प्लॅन आधी पैसे भरायचाच होता, आत्ता बघितलं. मागे घेतो. पण एक विचारतो, भिडस्त बाईंनी आपला फोन रेकॉर्ड करावा का? पुरावा हाताशी राहील.

टिपकागद | ६ मार्च, सकाळी ९:२०

नाना, काही ठिकाणी एकाच्या संमतीने चालतं, काही ठिकाणी दोघांची लागते. त्यामुळे 'मीही रेकॉर्ड करतेय' असं सांगून टाकलेलं बरं. मी मात्र रेकॉर्ड करत नाही. फोन ठेवल्यावर दहा मिनिटांच्या आत कंपनीच्या अधिकृत ईमेलवर चार ओळी पाठवते: आज अमुक वाजता अमुक नावाच्या प्रतिनिधीशी बोलले, खातं बंद करायला सांगितलं, बंद होण्याची तारीख अमुक सांगितली, ऑर्डर क्रमांक अमुक, यात काही चूक असेल तर कळवा. उत्तर येवो न येवो, तारीख-वेळेसह कागद तयार होतो.

पलीकडचा | ६ मार्च, दुपारी १:१०

सुरेख. शेवटचं 'चूक असेल तर कळवा' महत्त्वाचं आहे.

आता दिवस कोणता निवडायचा, हे राहिलं. भिडस्त, नोटीस किती दिवसांची आहे आणि बिल १२ ते ११ असं आहे का?

भिडस्त | ६ मार्च, दुपारी २:३०

नोटीस ३० दिवस. बिलावर '१२ फेब्रुवारी ते ११ मार्च' आहे, आणि पैसे महिन्याच्या सुरुवातीलाच घेतात. १४ तारखेला शनिवार आहे, तेव्हा निवांत करीन म्हणते.

पलीकडचा | ६ मार्च, दुपारी ३:०५

१४ ला अजिबात नको. हिशोब बघा.

१४ मार्चला सांगितलंत तर ३० दिवस भरतात १३ एप्रिलला. पण १२ एप्रिलला पुढच्या अख्ख्या महिन्याचं बिल निघालेलं असेल. त्यातले तुम्ही वापरणार दोन दिवस, १२ आणि १३. उरलेल्या दिवसांचे पैसे परत करणारी कंपनी असेल तर ठीक, नसेल तर दोन दिवसांसाठी पूर्ण महिना गेला.

९ मार्चला सांगितलंत तर ८ एप्रिलला बंद. १२ मार्चचं बिल येईल, ते ११ एप्रिलपर्यंतचं असेल, म्हणजे फार तर शेवटचे तीन दिवस वाया. पुढचं बिल निघायच्या आत खातं बंद झालेलं असेल. अगदी काठावर जायचं तर १२ मार्च, कारण ३० दिवस नेमके ११ एप्रिलला भरतात. पण काठावर जाऊ नका. फोन मध्येच तुटला, सिस्टिम बंद आहे म्हणाले, की एक दिवस गेलाच. सोमवारी ९ ला करा. सकाळी, पाळी सुरू झाल्यावर तासाभराने. पाळी संपतानाचा फोन सगळ्यांनाच दुसऱ्यावर ढकलायचा असतो.

काही कंपन्या ३० दिवस फोनच्या तारखेपासून मोजत नाहीत, पुढच्या बिलापासून मोजतात. करारात 'नोटीस' या शब्दाशेजारी काय लिहिलंय ते बघून ठेवा. फोनवर विचारायचं असेल तर 'शेवटचं बिल कोणत्या तारखेपर्यंतचं असेल?' असं विचारा. 'नोटीस किती?' याला नुसतं '३०' उत्तर येतं.

ऋचा_के | ६ मार्च, संध्याकाळी ६:४५

आणि ती वर्षाची बेडी? नोटीस दिली तरी मुदतीआधी सोडल्याचा आकार लावतीलच ना?

पलीकडचा | ६ मार्च, रात्री ९:५०

लावतील, आणि तीच खरी कसोटी आहे. समोरचा माणूस ती ऑफर म्हणून वापरेल: 'बंद केलंत तर इतका आकार, त्यापेक्षा मुदत संपेपर्यंत सवलतीत ठेवा ना.' तो आकडा ऐकून गडबडायचं नाही. आधीच करार काढून आकार कसा ठरतो ते बघा. ठोक रक्कम आहे की उरलेल्या महिन्यांप्रमाणे कमी होत जाते? मग दोन आकडे समोरासमोर ठेवा. एकीकडे ८ एप्रिलला सोडल्यास भरावा लागणारा आकार, दुसरीकडे १७ नोव्हेंबरपर्यंत उरलेली बिलं. कधीकधी आकार उरलेल्या बिलांच्या जवळपास असतो, आणि तेव्हा थांबणं शहाणपणाचं ठरतं. हे फोन लावण्याआधी ठरायला हवं. फोनवर ठरवायला गेलात तर समोरचा ठरवून देईल.

तुमच्या बाबतीत तिसरा मार्गही आहे. नोव्हेंबरच्या फोनचं रेकॉर्डिंग त्यांच्याकडे असणार. मुदतीबद्दल सांगितलंच नसेल तर ती नवी मुदत तक्रारीचा विषय होते. पण तो वाद बंद करण्याच्या फोनमध्ये घालू नका, नाहीतर दोन्ही अडकतात. आधी ऑर्डर पडू द्या. मग म्हणा, 'आता या आकाराबद्दल वेगळी तक्रार नोंदवायची आहे.'

काठावरचा | ७ मार्च, सकाळी ११:००

वाचतोय सगळं. पलीकडचा यांच्याशी एका बाबतीत सहमत नाही. आकार माफ करून घ्यायचा असेल तर ऑर्डर पडण्याआधीच हातात जोर असतो. एकदा बंद झालं की कंपनीला तुमची गरज काय? मी माझा आकार आधी भांडून माफ करून घेतला, मगच बंद केलं.

पलीकडचा | ७ मार्च, दुपारी १२:२०

होऊ शकतं, मीही काहींना माफ केलंय. पण तेव्हा समोरचा तासभर घासाघीस करू शकणारा होता. धागाकर्तीचं टोपणनाव बघा.

काठावरचा | ७ मार्च, दुपारी १२:२५

ते आहेच.

सावली | ७ मार्च, दुपारी ४:१०

थोडं बाजूचं विचारते. सासूबाई गेल्या, त्यांच्या नावावरचा लँडलाइन आणि इंटरनेट बंद करायचंय. दर वेळी 'खातेदाराशीच बोलावं लागेल' म्हणतात. मी सांगते, त्या नाहीत. पलीकडून, 'मग त्यांना कधी फोन करू?' एकदा तर मला हसूच फुटलं, नंतर रडू.

पलीकडचा | ७ मार्च, दुपारी ४:५५

सावलीताई, वाईट वाटलं वाचून. रिटेन्शनच्या रांगेत जाऊच नका. फोन लागल्याबरोबर पहिलं वाक्य 'खातेदाराचं निधन झालं आहे, त्यासाठीच्या विभागाला जोडा.' मोठ्या कंपन्यांत वेगळा विभाग किंवा वेगळा अर्ज असतो. मृत्यू दाखल्याची प्रत आणि तुमचं नातं दाखवणारा कागद लागेल. यात साधारणपणे मुदतीआधी सोडल्याचा आकार लावत नाहीत, तरी लेखी विचारून घ्या. त्यांचा नंबर घरात चालू ठेवायचा असेल तर बंद करण्याआधीच सांगा. एकदा बंद झालेला नंबर परत मिळेलच असं नाही.

सावली | ७ मार्च, संध्याकाळी ५:०२

नंबर ठेवायचाय. हे लक्षातच आलं नव्हतं. धन्यवाद.

भिडस्त | ९ मार्च, दुपारी १२:०५

केला! हात अजून थंड आहेत, तोवरच लिहून काढते.

१०:१० ला लागला. कागद, बिल, करार, मोबाइल, सगळं समोर. करारात बघितलं होतं, आकार उरलेल्या महिन्यांप्रमाणे कमी होतो आणि उरलेल्या बिलांच्या निम्म्याहून कमी पडतो. म्हणजे सोडण्यातच शहाणपण, हे रात्रीच ठरलं होतं.

नाव विचारलं, सांगितलं. कारण विचारलं. 'वैयक्तिक, तुम्ही इतर टाका.' दोन सेकंद शांतता आणि मग कीबोर्डचा आवाज. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

पहिली ऑफर, अर्ध्या किमतीत सहा महिने. ऐकून घेतली. वाक्य वाचलं. दुसरी, वेग दुप्पट. वाक्य वाचलं. मग तो म्हणाला, 'मॅडम, तुम्ही तर वाचून दाखवताय.' मी म्हटलं, 'हो, वाचूनच दाखवतेय.' (हा एक 'हो' जास्तीचा गेला, क्षमस्व.) तो हसला. मग आकाराचा आकडा सांगून थांबला. नुसता थांबलाच. ती शांतता फार जड होती. एरवी मी ती भरायला काहीतरी बोलले असते. कागदाच्या कडेला चौकोन काढत बसले. शेवटी तोच म्हणाला, 'ठीक आहे, ऑर्डर टाकतो.'

नंबर दिला. विचारलं, 'हा ऑर्डरचा की विनंतीचा?' म्हणाला, ऑर्डरचा. तारीख ८ एप्रिल. मी म्हटलं, ईमेल येईपर्यंत लाइनवर थांबते. चार मिनिटांनी आला, त्यात तारीख होती. एकूण २३ मिनिटं.

राउटरचं मीच विचारलं. तो त्यांच्या मालकीचा आहे, बंद झाल्यापासून १४ दिवसांत परत द्यायचा, नाहीतर त्याची किंमत शेवटच्या बिलात. आत्ताच मागच्या बाजूचा सिरीयल नंबर दिसेल असा फोटो काढून ठेवला.

टिपकागद | ९ मार्च, दुपारी १२:१८

वा ताई! अडॅप्टरचाही फोटो काढा, 'अडॅप्टर मिळाला नाही' म्हणून पैसे लावतात. आणि देताना पावती घेतल्याशिवाय हातातून सोडू नका. ईमेल पाठवलात?

भिडस्त | ९ मार्च, दुपारी १२:२०

पाठवला. 'चूक असेल तर कळवा'सकट.

पलीकडचा | ९ मार्च, रात्री ९:००

शांततेचं मी सांगायला विसरलो होतो, ते तुम्हीच शोधून काढलंत. आम्हाला ती मुद्दाम शिकवायचे.

ऑटो-पे अजून तसंच ठेवा. १२ मार्चचं बिल जाऊ दे. ८ एप्रिलनंतर शेवटचं बिल येईल, ते वाचा, पटलं तर भरा आणि मग ऑटो-पे काढा.

भिडस्त | १६ एप्रिल, संध्याकाळी ७:३०

शेवटचं बिल आलं. तारीख बरोबर, ८ एप्रिल. तीन दिवसांचे पैसे परत धरलेत. राउटर दिला, पावती आहे. मुदतीचा आकार मात्र पूर्ण लावलाय. तक्रार १० मार्चलाच वेगळी नोंदवली होती, नोव्हेंबरचं रेकॉर्डिंग तपासा म्हणून. आज उत्तर आलं, 'सदर कॉलचं रेकॉर्डिंग उपलब्ध नाही, त्यामुळे नोंदीप्रमाणे मुदत लागू राहील.'

आकार भरून टाकू, की रेकॉर्डिंग नाही तर संमतीचा पुरावा काय, असं विचारून पुढच्या पायरीवर जाऊ?

काठावरचा | १६ एप्रिल, संध्याकाळी ७:५२

जा. पुरावा त्यांनी द्यायचा.

पलीकडचा | १६ एप्रिल, रात्री १०:४०

जा, पण आकार 'तक्रार प्रलंबित असल्याने हक्क राखून भरत आहे' असं लेखी कळवून भरा, म्हणजे थकबाकी दिसणार नाही. निर्णय तुमच्या बाजूने लागला तर परत मागता येतो. आणि 'नोंद' म्हणजे नेमकं काय, तेही मागा. तो फक्त १८ नोव्हेंबरचा ईमेल असेल तर तो फोनच्या नंतरचा आहे.

निवांत_नाना | १७ एप्रिल, सकाळी ६:४०

भरून वर भांडायचं? हे काही मला पटलं नाही बुवा. भिडस्त बाई, काय ठरवलंत?